ओपन इंटर्वल, कंटिन्युअस फंक्शन आणि दोन्ही टोकांना लिमिट : मग ते युनिफॉर्मली कंटिन्युअस का होतं?

बीएस्सीच्या रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये किंवा जॅम-नेट-सेटच्या तयारीत हा प्रश्न हमखास समोर येतो: (0,1) वर खालीलपैकी कोणतं फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे, आणि पर्यायांत sin(1/x), x·sin(1/x), 1/x, log x असली मंडळी बसलेली असतात. बरेच जण एक नियम पाठ करतात की दोन्ही टोकांना फायनाइट लिमिट असेल तर हो म्हणायचं. नियम बरोबर आहे, पण तो का चालतो हे कळलं नसेल तर प्रश्न जरा फिरवला, इंटर्वल (0,∞) केला, की गाडी अडते. म्हणून इथे आपण तो नियम आतून उघडून बघू. लागणारं सामान फार नाही, एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या आणि बोल्झानो-वायरस्ट्रास प्रमेय माहीत असलं की पुरे, म्हणजे बाउंडेड सीक्वेन्सला कन्व्हर्ज होणारी सबसीक्वेन्स असते एवढंच.

आधी विधान नीट मांडून ठेवतो. f हे (a,b) वर कंटिन्युअस आहे, x उजवीकडून a कडे जाताना f(x) एका फायनाइट आकड्याकडे, समजा L कडे जातो, आणि x डावीकडून b कडे जाताना f(x) एका फायनाइट आकड्याकडे, समजा M कडे जातो. तर f हे (a,b) वर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे.

पायरी पहिली: डेल्टा कुठे मरतो ते डोळ्यांनी बघा

साध्या कंटिन्युइटीत आधी बिंदू ठरतो, मग ε दिला जातो, मग तुम्ही त्या बिंदूपुरता δ शोधता. युनिफॉर्म कंटिन्युइटीत ε दिला की लगेच δ सांगायचा, बिंदू अजून ठरलेलाच नसतो, म्हणजे तुमचा δ इंटर्वलमधल्या प्रत्येक जागी चालला पाहिजे. फरक एवढाच आहे, पण तो कागदावर वाचून उतरत नाही, आकडे घालून बघावं लागतं.

f(x) = 1/x घ्या, (0,1) वर, आणि ε = 1. x = 0.5 ला f ची किंमत 2, तेव्हा y डावीकडे सरकवत नेला तर 1/y हा 3 च्या आत राहिला पाहिजे, म्हणजे y हा 1/3 पेक्षा मोठा हवा, म्हणजे साधारण 0.167 इतकी मोकळीक आहे. x = 0.1 ला 1/y हा 11 च्या आत हवा, y > 1/11, मोकळीक उरली साधारण 0.009. x = 0.01 ला y > 1/101, मोकळीक साधारण 0.0001. प्रत्येक जागी पॉझिटिव्ह δ आहे, म्हणून फंक्शन कंटिन्युअस आहे, पण शून्याजवळ जाल तसा तो δ आटत आटत शून्याकडे चाललाय, त्यामुळे सगळीकडे चालेल असा एक δ मिळतच नाही.

आता हे लक्षात घ्या की δ आटला तो 0.5 जवळ नाही, 0.3 जवळ नाही, तो टोकाकडेच आटला. हा योगायोग नाही, आणि सगळं प्रमेय याच एका गोष्टीवर उभं आहे: कंटिन्युअस फंक्शनची युनिफॉर्म कंटिन्युइटी बिघडायची असेल तर ती बाउंडेड ओपन इंटर्वलच्या टोकांपाशीच बिघडू शकते, मध्ये कुठेही नाही. आणि टोकांना फायनाइट लिमिट असलं की तिथलाही रस्ता बंद होतो.

पायरी दुसरी: बिघाड झालाय असं धरा आणि त्याचा माग काढा

समजा f युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. म्हणजे काय? म्हणजे एखादा हट्टी ε असा आहे, त्याला ε₀ म्हणू, की ज्याच्यासाठी कोणताच δ चालत नाही. δ = 1 चालत नाही, δ = 1/2 चालत नाही, δ = 1/n कधीच चालत नाही. "चालत नाही" याचा अर्थ दरवेळी बिंदूंची एक जोडी सापडते जी जवळजवळ आहे पण फंक्शनच्या किमती लांब आहेत:

|xₙ − yₙ| < 1/n, पण |f(xₙ) − f(yₙ)| ≥ ε₀

आता या जोड्या जातात कुठे ते बघायचं. सगळे xₙ हे (a,b) मध्ये आहेत, म्हणजे सीक्वेन्स बाउंडेड आहे, म्हणून बोल्झानो-वायरस्ट्रासने एक सबसीक्वेन्स कुठल्यातरी c कडे कन्व्हर्ज होते. c हा (a,b) मध्येच असेल असं नाही हं, तो a किंवा b सुद्धा असू शकतो, म्हणून आपण एवढंच म्हणतो की c हा [a,b] मध्ये आहे. आणि xₙ व yₙ मधलं अंतर 1/n पेक्षा कमी असल्यामुळे त्याच सबसीक्वेन्सवरचे yₙ पण ओढले जाऊन c कडेच जातात. हे वाक्य पेपरात लिहायला विसरू नका, याच्याशिवाय पुढचं काही लागू होत नाही.

आता तीन शक्यता. c आत असेल, म्हणजे a < c < b, तर f तिथे कंटिन्युअस आहे, f(xₙ) आणि f(yₙ) दोन्ही f(c) कडे जातात, म्हणून त्यांच्यातला फरक शून्याकडे जातो, पण तो तर कायम ε₀ किंवा जास्त होता, विरोधाभास. c = a असेल तर f(a) नावाची गोष्टच नाही, कारण a डोमेनमध्ये नाही, पण इथेच गृहीतक कामाला येतं: सगळे xₙ आणि yₙ हे a च्या उजवीकडे आहेत आणि a कडे जातायत, म्हणून f(xₙ) आणि f(yₙ) दोन्ही L कडे जातात, फरक परत शून्याकडे, परत विरोधाभास. c = b ला अगदी हेच, L च्या जागी M. संपलं प्रूफ.

इथे थोडं थांबून विचार करा की लिमिटने नक्की काय दिलं. त्याने एवढंच दिलं की टोकाकडे कशाही पद्धतीने गेलात, xₙ च्या वाटेने किंवा yₙ च्या वाटेने, तरी किंमत एकाच आकड्याकडे जाते. आणि लिमिट फायनाइट का हवं तेही इथेच कळतं, कारण दोन्ही ∞ कडे जात असतील तर त्यांच्या वजाबाकीबद्दल काहीच सांगता येत नाही, 1/x मध्ये xₙ = 1/n आणि yₙ = 1/(n+1) घेतलं तर दोन बिंदू एकमेकांच्या जवळ येतात, पण किमतींमधला फरक कायम 1 राहतो.

पायरी तिसरी: टोकं भरून काढायची पद्धत

पुस्तकात बहुतेक ठिकाणी दुसरं प्रूफ असतं आणि ते परीक्षेत लिहायला छोटं पडतं. F नावाचं नवीन फंक्शन [a,b] वर बनवायचं: आत F(x) = f(x), आणि F(a) = L, F(b) = M. मग F हे क्लोज्ड बाउंडेड इंटर्वलवर कंटिन्युअस आहे, आणि असं प्रत्येक फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, हे हाइने-कॅन्टर प्रमेय, जर्मन गणिती एडुआर्ड हाइने यांनी १८७२ मध्ये छापलेलं. F साठी जो δ चालतो तो [a,b] मधल्या सगळ्या जोड्यांसाठी चालतो, म्हणून (a,b) मधल्या जोड्यांसाठी पण चालतो, आणि तिथे F म्हणजेच f.

यात मार्क जातात ते एकाच जागी. "F कंटिन्युअस आहे" असं लिहून पुढे पळतात, पण का ते लिहीत नाहीत. आतल्या बिंदूंवर F आणि f आजूबाजूला सारखेच आहेत म्हणून F कंटिन्युअस, आणि a ला F चं लिमिट L आहे व आपणच F(a) = L ठेवलंय म्हणून कंटिन्युअस, b ला तसंच. दोन ओळी आहेत, पण गृहीतक वापरलं जातं ते नेमकं या दोन ओळींत, त्या गाळल्या तर लिमिटची अट कुठेच वापरली नाही असं दिसतं आणि तपासणाऱ्याला तेच खटकतं.

मला स्वतःला आधी पायरी दुसरीतलं प्रूफ आवडतं, कारण तिथे काय लपलंय ते उघडं दिसतं, शिवाय हाइने-कॅन्टरचं नेहमीचं प्रूफ म्हणजे तोच सीक्वेन्सचा युक्तिवाद आहे.

पायरी चौथी: खरा δ काढून बघू

वरची दोन्ही प्रूफं सांगतात की δ आहे, पण किती ते सांगत नाहीत. म्हणून एक उदाहरण हाताने पूर्ण करू. f(x) = x·sin(1/x), (0,1) वर. शून्याकडे जाताना |f(x)| ≤ x असल्यामुळे लिमिट 0, आणि 1 कडे जाताना लिमिट sin 1. म्हणजे प्रमेय लागू आहे.

हे उदाहरण मुद्दाम घेतोय कारण याचं डेरिव्हेटिव्ह बाउंडेड नाही. f′(x) = sin(1/x) − (1/x)·cos(1/x), आणि x = 1/(2nπ) ठेवलं तर f′ ची किंमत −2nπ येते, n = 100 ला साधारण −628, आणि n वाढवाल तशी ती कुठेच थांबत नाही. डेरिव्हेटिव्ह बाउंडेड असेल तर फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं हे खरं, पण उलटं खरं नाही, आणि "इथे स्लोप अनबाउंडेड आहे म्हणून नाही" असं उत्तर देणारे खूप भेटतात.

आता ε = 0.1 घ्या. शून्याजवळची पट्टी आधी बघू. x आणि y दोन्ही 0.05 पेक्षा लहान असतील तर |f(x)| < 0.05 आणि |f(y)| < 0.05, म्हणून फरक 0.1 पेक्षा कमी. लक्षात घ्या, इथे x आणि y मधलं अंतर बघायची गरजसुद्धा पडली नाही, फंक्शन कितीही हेलकावे घेऊ दे, स्लोप काहीही असू दे, सगळे हेलकावे त्या अरुंद पट्टीत अडकलेत. लिमिट असण्याचा फायदा तो हाच.

उरलेल्या भागात शून्यापासून लांब आहोत, तिथे डेरिव्हेटिव्ह वापरता येतं. पण उरलेला भाग 0.05 पासून सुरू करू नका, 0.025 पासून करा, का ते लगेच सांगतो. x ≥ 0.025 असेल तर |f′(x)| ≤ 1 + 1/x ≤ 1 + 40 = 41. मीन व्हॅल्यू प्रमेयाने |f(x) − f(y)| ≤ 41·|x − y|. फरक 0.1 च्या आत हवा तर |x − y| < 0.002 पुरतं, कारण 41 × 0.002 = 0.082.

आता दावा असा की δ = 0.002 सगळीकडे चालतो. x < y अशी कुठलीही जोडी घ्या जिच्यात y − x < 0.002. जर y < 0.05 असेल तर दोन्ही पहिल्या पट्टीत, काम झालं. जर y ≥ 0.05 असेल तर x > 0.048, म्हणजे दोन्ही 0.025 च्या उजवीकडे, तिथेही काम झालं. तिसरी शक्यताच नाही.

दोन पट्ट्या 0.025 ते 0.05 एवढ्या एकमेकींवर चढवल्या त्या यासाठीच. तुम्ही 0.05 ला सरळ कापलं असतं, डावीकडे एक भाग, उजवीकडे दुसरा, तर x = 0.0499 आणि y = 0.0501 ही जोडी एका भागात एक आणि दुसऱ्या भागात एक अशी बसते आणि दोन्ही अंदाज लागू होत नाहीत. मधल्या बिंदूतून ट्रँगल इनइक्वॅलिटी लावून तेही सोडवता येतं, पण मग सुरुवातीलाच दोन्ही भागांत ε/2 घेऊन यावं लागतं, आणि ते न करता लिहिलेलं प्रूफ अपुरं राहतं.

हाच आराखडा कुठल्याही f ला लागतो: a जवळ एक पट्टी (a, a+δ₁) जिथे |f(x) − L| < ε/2, b जवळ एक पट्टी (b−δ₂, b) जिथे |f(x) − M| < ε/2, δ₁ आणि δ₂ हवे तर लहान करून घ्यायचे म्हणजे मधला भाग [a+δ₁/2, b−δ₂/2] रिकामा होत नाही, त्या भागावर f कंटिन्युअस आणि इंटर्वल क्लोज्ड म्हणून तिथला δ₃ हाइने-कॅन्टरकडून मिळतो, आणि शेवटी δ₁/2, δ₂/2, δ₃ यातला सगळ्यात लहान तो आपला δ. आपल्या उदाहरणात उजव्या टोकाला वेगळी पट्टी लागली नाही कारण 41 चा अंदाज थेट 1 पर्यंत चालत होता.

शेजारी sin(1/x) ठेवून बघा म्हणजे फरक ठसठशीत दिसेल. x = 1/(200π) आणि y = 1/(200π + π/2), दोघांमधलं अंतर साधारण 0.000004. sin(1/x) ची किंमत पहिल्या जागी 0 आणि दुसऱ्या जागी 1, म्हणजे उडी पूर्ण 1 ची. x·sin(1/x) मध्ये त्याच दोन जागी 0 आणि साधारण 0.0016. sin(1/x) बाउंडेड आहे, कंटिन्युअस आहे, फक्त शून्याला लिमिट नाही, आणि तेवढ्यावरूनच ते नापास. बाउंडेड असणं पुरत नाही हे यावरून पक्कं करून घ्या.

पायरी पाचवी: उलटं पण खरं आहे, म्हणून प्रश्न सोपा होतो

(a,b) बाउंडेड असेल आणि f युनिफॉर्मली कंटिन्युअस असेल तर दोन्ही टोकांना फायनाइट लिमिट असतंच. कारण असं: xₙ हे a कडे जात असतील तर ते कॉशी सीक्वेन्स आहेत, एका ठरावीक टप्प्यानंतर सगळे एकमेकांपासून δ च्या आत येतात, मग f(xₙ) एकमेकांपासून ε च्या आत, म्हणजे f(xₙ) पण कॉशी, म्हणून कुठल्यातरी फायनाइट आकड्याकडे जातात. दुसरी सीक्वेन्स yₙ घेतली तर तिचंही लिमिट तेच येतं, कारण xₙ − yₙ शून्याकडे जातो, म्हणून f(xₙ) − f(yₙ) पण शून्याकडे जातो.

म्हणजे बाउंडेड ओपन इंटर्वलवर, फंक्शन कंटिन्युअस आहे हे दिसत असेल, तर युनिफॉर्मचा प्रश्न हा निव्वळ दोन लिमिटांचा प्रश्न आहे. (0,1) वर चालवून बघा. log x: शून्याकडे −∞, नाही. x·log x: शून्याकडे 0, एककडे 0, हो. e^(−1/x): शून्याकडे 0, एककडे 1/e, हो. eˣ·cos(1/x): शून्याजवळ साधारण 1 आणि −1 मध्ये झुलत राहतं, लिमिट नाही, म्हणून नाही. (sin x)/x: शून्याकडे 1, हो. आणि 1/log x, हा जरा फसवा आहे, शून्याकडे छान 0 ला जातो म्हणून लोक हो म्हणून मोकळे होतात, पण x एककडे गेला की log x शून्याकडे डावीकडून जातो आणि फंक्शन −∞ ला, म्हणून नाही. दोन्ही टोकं तपासायची ती यासाठी.

पायरी सहावी: इंटर्वल (0,∞) झाला तर

x·sin(1/x) हेच (0,∞) वर घ्या. t = 1/x ठेवलं तर x → ∞ म्हणजे t → 0, आणि (sin t)/t चं लिमिट 1, म्हणून अनंताकडे फायनाइट लिमिट आहे. फंक्शन इथेही युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे, फक्त पायरी दुसरीत एक शक्यता वाढते: xₙ बाउंडेड नसतील, तर त्यांची एक सबसीक्वेन्स ∞ कडे जाते, yₙ पण तिच्याबरोबर जातात, f(xₙ) आणि f(yₙ) दोन्ही 1 कडे, फरक शून्याकडे, विरोधाभास तसाच. त्यामुळे "दोन्ही टोकांना फायनाइट लिमिट असेल तर युनिफॉर्मली कंटिन्युअस" ही दिशा अनंत इंटर्वलवरही शाबूत राहते.

मोडते ती उलटी दिशा. f(x) = x हे (0,∞) वर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे, δ = ε घ्या, पण अनंताकडे फायनाइट लिमिट नाही. sin x ला तर अनंताकडे कसलंच लिमिट नाही, तरी ते युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे कारण |sin x − sin y| ≤ |x − y|. √x पण तसंच, तिथे |√x − √y| ≤ √|x − y| वापरून δ = ε² घ्यायचा. पायरी पाचवीतलं प्रूफ इथे कुठे तुटतं तेही बघून ठेवा: a कडे जाणारी सीक्वेन्स कॉशी असते, ∞ कडे जाणारी सीक्वेन्स कॉशी नसते, तिचे पुढचे बिंदू एकमेकांच्या δ च्या आत येण्याचं कारणच नाही. म्हणून (0,∞) वर अनंताकडे लिमिट मिळालं नाही तर लगेच "नाही" लिहू नका, तिथे |f(x) − f(y)| चा थेट अंदाज काढायचा, आणि x² सारखं काही असेल तर xₙ = n, yₙ = n + 1/n अशी जोडी शोधायची, जिच्यात अंतर 1/n आणि किमतींमधला फरक 2 + 1/n² येतो.